ज्येष्ठमधाचं वजन

आमच्या घरात काढ्याला औषध म्हणत नाहीत. त्यामुळं डॉक्टरांनी आईला विचारलं, "नवीन काही औषध सुरू केलंय का?" तेव्हा आईनं अगदी खरं उत्तर दिलं, "न्हाई हो. तुम्ही दिल्यात त्याच गोळ्या." मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. माझं स्वतःचं मेडिकल दुकान आहे, बी.फार्म. झालोय, आणि रोज सकाळी ओट्यावर उकळणाऱ्या त्या पातेल्याचा वास घेऊनच मी दुकानाला निघत होतो. तरी माझ्याही तोंडून काढ्याचं नाव निघालं नाही. कारण मलाही तो औषध वाटत नव्हता.

जुलैचा महिना होता. पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर आलेलं, राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला, आणि गल्लीत घरटी एक जण खोकणारा. कोल्हापुरात फ्लूचे दिवस म्हणजे हेच. परदेशातल्या बातम्या वाचून आपल्याला वाटतं की फ्लू थंडीत येतो, पण आपल्याकडं त्याचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. दुकानात रोज तोच प्रश्न यायचा, "इम्युनिटीचं काय चांगलं आहे?" आणि मी मागच्या फळीकडं हात करायचो. तिथं च्यवनप्राश, गुळवेलीचा रस, तुळशीचे थेंब, व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या, काढ्याच्या पुड्या, असं सगळं ओळीनं मांडलेलं. ही फळी 2020 मध्ये भरली आणि नंतर रिकामी झालीच नाही. त्याआधी तिथं बेबी पावडर होती.

आईचा काढा मात्र माझ्या दुकानातला नव्हता. शेजारच्या काकूंनी कृती सांगितली, आणि आई स्वतः लक्ष्मीपुरीत जाऊन काष्ठौषधीच्या दुकानातून जिन्नस घेऊन आली. तिथला कागद मी नंतर शोधून काढला. ज्येष्ठमध 100 ग्रॅम, गुळवेल 100, तुळस 80, सुंठ 50, दालचिनी 40, काळी मिरी 30. एकूण 400 ग्रॅम. सगळं दळून काचेच्या बरणीत. सकाळ-संध्याकाळ पोह्याचा मोठा चमचा शिगोशीग भरून दोन भांडी पाण्यात टाकायचा, आणि पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं. गाळून, गरम गरम.

तीन आठवड्यांनी आईच्या पोटऱ्यांना रात्री गोळे यायला लागले. संध्याकाळी पायांवर बोट दाबलं की खळी उमटायची आणि तशीच राहायची. चप्पल घट्ट होतीय, असं ती म्हणायची. मग एक दिवस जिना चढून आली आणि "अंगात जीवच न्हाई बघ" म्हणून पायरीवरच बसली. बीपी बघितलं तर 168/96. एरवी गोळ्यांवर ते 130 च्या आसपास असायचं. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं, आणि पोटॅशियम आलं 2.9. ते 3.5 ते 5 मध्ये असायला हवं. एवढं कमी झालं की हृदयाचे ठोके बिघडायची भीती असते, म्हणून लगेच ईसीजी काढला. तो सुदैवानं ठीक निघाला.

आईच्या बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टनबरोबर क्लोरथॅलिडोन आहे. त्यातलं क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पोटॅशियम घालवतं, हे मलाही माहीत होतं. पण तीच गोळी ती चार वर्षं घेत होती. आताच काय झालं? डॉक्टर रिपोर्टकडं बघत थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "ज्येष्ठमध खाता का? खोकल्याला वगैरे?"

आई म्हणाली, "खात न्हाई. काढ्यात असतंय तेवढंच."

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते वजनाचं. दुकानातला छोटा काटा आणला आणि आईला म्हटलं, "तू रोज घेतीस तसाच चमचा भर." भरला. 8 ग्रॅम. दोन वेळचे 16. बरणीतल्या 400 ग्रॅममध्ये 100 ग्रॅम ज्येष्ठमध, म्हणजे चौथा हिस्सा. रोज 4 ग्रॅम ज्येष्ठमध आईच्या पोटात जात होतं.

ज्येष्ठमधाला जो गोडवा आहे तो ग्लिसरायझिन नावाच्या द्रव्यामुळं. मुळीत ते किती असेल हे मुळीवर अवलंबून, पण चार टक्के धरले तरी 4 ग्रॅममध्ये 160 मिलिग्रॅम होतात. सगळंच पाण्यात उतरत नसेल, पण पाणी निम्मं होईस्तोवर उकळल्यावर बरंच उतरतं. युरोपात लोकांना ज्येष्ठमधाच्या गोळ्या, मिठाई खायची सवय आहे, तिथं दिवसाला 100 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरतात. आणि तीसुद्धा निर्धास्त नाही. स्वीडनमध्ये 2024 साली एक चाचणी झाली. धडधाकट तरुणांना दोन आठवडे रोज बरोबर 100 मिलिग्रॅम ग्लिसरायझिन दिलं, तर वरचं बीपी सरासरी 3 नं वाढलं. तरुणाला 3 म्हणजे काहीच नाही. पण ते तरुण होते, धडधाकट होते, आणि त्यातलं कुणी क्लोरथॅलिडोन घेत नव्हतं.

हे घडतं कसं, ते मला कॉलेजात शिकवलं होतं आणि मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. मूत्रपिंडात मीठ धरून ठेवायचं आणि पोटॅशियम बाहेर सोडायचं काम अल्डोस्टेरॉन नावाच्या हार्मोनचं. पण त्याच्या कुलपाला कॉर्टिसॉल नावाच्या दुसऱ्या हार्मोनचीही किल्ली लागते, आणि कॉर्टिसॉल रक्तात कितीतरी जास्त असतं. म्हणून तिथं एक एन्झाइम राखणदारासारखं बसवलेलं असतं. ते कॉर्टिसॉल आलं की त्याला निकामी करतं, दाराशी पोचूच देत नाही. ग्लिसरायझिन पोटात गेल्यावर त्यातून जे तयार होतं ते नेमकं या राखणदाराला झोपवतं. मग कॉर्टिसॉल सरळ आत जाऊन कुलूप फिरवत बसतं. मीठ आणि पाणी अंगात साठतं, पोटॅशियम वाहून जातं, बीपी चढतं, पाय सुजतात, पोटऱ्या आखडतात. आईच्या तीन आठवड्यांतलं प्रत्येक लक्षण या एका वाक्यात आहे. आणि वर बीपीची गोळीही पोटॅशियम घालवणारी. दोन्हीकडनं उपसा.

काढा बंद केला. डॉक्टरांनी पोटॅशियमचं सिरप दिलं, जे चवीला इतकं वाईट असतं की आईनं काढा बरा होता म्हणून दोनदा ऐकवलं. हा परिणाम ज्येष्ठमध थांबवलं की दुसऱ्या दिवशी जात नाही, झोपलेला राखणदार उठायला वेळ घेतो. दोन आठवड्यांनी पोटॅशियम 4.1 आलं. बीपी पूर्वीच्या जागी यायला महिना गेला.

मी ज्येष्ठमधाला दोष देत नाही. गळा बसल्यावर एक कांडी चघळली, चार दिवस थोडं घेतलं, तर बहुतेकांना काही होत नाही. चूक इथं झाली की चार दिवसांची वस्तू रोजची केली. आणि ती का केली, तर "प्रतिबंध" या शब्दापायी. आजार झाल्यावर घ्यायचं असेल तर ते कधीतरी थांबतं, माणूस बरा होतो. पण आजार होऊ नये म्हणून घ्यायचं असेल तर थांबायचं कधी? निरोगी माणूस महिनोन्महिने घेत राहतो, आणि मात्रेकडं कुणी बघत नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयानं जो काढा सांगितला होता त्यात तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरी एवढंच होतं, 4:2:2:1 या प्रमाणात, आणि 3 ग्रॅम पूड 150 मिलिलिटर पाण्याला. त्यात ज्येष्ठमध नव्हतं, गुळवेल नव्हती. आईपर्यंत येईतो तीन ग्रॅमचे आठ झाले होते, आणि "चांगलंच असतंय की" म्हणून वाटेत एकेकानं एकेक जिन्नस घातला होता.

गुळवेलीचंही सांगायला हवं, कारण माझ्या फळीवर सगळ्यात जास्त खप तिचाच. कडुलिंबावर चढलेली गुळवेल चांगली म्हणतात, आणि आमच्याकडं लोक फिरायला गेले की पिशवीतनं तोडून आणतात. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. यकृताला सूज, कावीळ, आणि सहाही जण आधी गुळवेल घेत होते. त्यातली एक व्यक्ती गेली. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांतून असेच 43 रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांनी सरासरी दीड महिना गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयानं हे मान्य केलं नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल चुकून पोटात गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. तेही अगदीच अशक्य नाही. पण मग पिशवीतनं तोडून आणणाऱ्याला दोन वेलींतला फरक कोण सांगणार?

मला त्या अहवालांत अडकवणारी गोष्ट वेगळी होती. बऱ्याच रुग्णांच्या यकृतावर त्यांच्याच प्रतिकारशक्तीनं हल्ला केल्याच्या खुणा होत्या, आणि काहींना आधीपासून थायरॉइडसारखे त्या जातीचे आजार होते. म्हणजे जाहिरात जे म्हणते ते गुळवेल थोडंफार खरंच करत असेल, तर ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या अंगावर उठलीय त्याला ते महाग पडणार. तेव्हापासून कुणी गुळवेल मागितली की मी आधी विचारतो, थायरॉइड आहे का, संधिवात आहे का, यकृताचं काही आहे का. आणि सांगतो की भूक गेली, मळमळायला लागलं, लघवी गडद पिवळी झाली तर बाटली ठेवून द्या आणि यकृताची तपासणी करा. दोघं-तिघं बाटली तिथंच ठेवून गेले. एक जण म्हणाला, "मालक, धंदा करायचाय का नाही?"

धंद्याचा विषय निघालाच तर आता त्या फळीवरचे दावे बघू. बाटली हातात घेऊन नीट वाचा. "फ्लू होत नाही" असं तिथं कुठंच लिहिलेलं नसतं. "रोगप्रतिकारशक्ती वाढवण्यास मदत" असं असतं. त्या "मदत" शब्दावर सगळा डोलारा उभा आहे. प्रतिकारशक्ती ही टाकीतल्या पाण्यासारखी एक गोष्ट नसते की पातळी वाढली म्हणावं. फ्लूत जो ताप येतो, अंग मोडून येतं, डोकं ठणकतं, तो बराचसा विषाणूचा नाही, आपल्याच प्रतिकारशक्तीचा उद्योग असतो. तिलाच आणखी चढवली तर नेमकं काय होईल, हे बाटली सांगत नाही. कंपनीला विचारलं तर उंदरांवरचे, नाहीतर काचेच्या बशीतल्या पेशींवरचे प्रयोग दाखवतात. आपल्याला उत्तर हवं असतं साध्या प्रश्नाचं: हे घेणाऱ्यांना फ्लू कमी झाला का, न घेणाऱ्यांपेक्षा?

गिऱ्हाईक मात्र छातीठोकपणे सांगतं, "दोन वर्षं घेतोय, एकदा पण फ्लू नाही." खोटं बोलत नाही ते. पण जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की एका वर्षात मोठ्या माणसांपैकी 5 ते 10 टक्क्यांनाच फ्लू होतो. आमच्या तालमीतल्या 100 पोरांना मी नुसतं साखरेचं पाणी पाजलं, तरी वर्षाच्या शेवटी 90 जण म्हणणार, गुण आला. उरलेल्या दहांतले पाच म्हणतील, घेतलं म्हणून थोडक्यात निभावलं. होमिओपॅथीच्या आर्सेनिकम अल्बम 30 च्या गोळ्या 2020 मध्ये गल्लोगल्ली वाटल्या तेव्हा हेच झालं. ती 30 म्हणजे शंभरात एक असं विरलीकरण तीस वेळा, 1 वर 60 शून्यं. त्या साबुदाण्यात मूळ द्रव्याचा एक कणही उरत नाही, तरी गुण आल्याचं सांगणारे आजही भेटतात.

व्हिटॅमिन सी त्यातल्या त्यात नीट तपासलेलं. 29 चाचण्या, 11,000 हून जास्त माणसं. निकाल असा की साधारण माणसानं रोज घेतलं तरी सर्दी व्हायची ती होतेच. मॅरेथॉन पळणारे, बर्फात कसरत करणारे सैनिक, अशांची सर्दी मात्र निम्म्यावर आली. आणि रोज घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी साधारण 8 टक्क्यांनी लवकर संपली. सात दिवसांच्या सर्दीतले 8 टक्के म्हणजे तेरा-चौदा तास. त्यासाठी वर्षभर रोज गोळी. नाक वाहायला लागल्यावर सुरू केली तर तेही भरवशाचं नाही, आणि आपल्याकडं सगळे तेव्हाच घ्यायला येतात. शिवाय हे सगळं सर्दीचं, फ्लूचं नाही. फ्लू हा इन्फ्लुएन्झा विषाणूचा आजार, सर्दीचे विषाणू वेगळे. गिऱ्हाईक दोन्हीला फ्लूच म्हणतं, आणि जाहिरातीला ते सोयीचं पडतं.

काढ्याच्या बाजूनं एक गोष्ट खरी टिकते, ती म्हणजे तो गरम असतो. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. कार्डिफच्या सर्दी संशोधन केंद्रानं 2008 मध्ये सर्दी-फ्लूच्या 30 रुग्णांना फळाचं एकच पेय गरम आणि साधं अशा दोन तऱ्हांनी देऊन पाहिलं. नाकातून हवा किती जाते ते यंत्रानं मोजलं तर काही फरक नव्हता. पण गरम पेयानं घशाची खवखव, हुडहुडी, थकवा लगेच हलका वाटला. साध्या पेयानं हे तिन्ही कमी झाले नाहीत. तिखट-मसालेदार चवीनं लाळ सुटते, घसा ओला होतो, तेवढ्यानं बरं वाटतं. कोल्हापुरात हे सांगायला कार्डिफची गरजही नाही. नाक चोंदलं की पांढरा रस्सा ओरपायचा, हे इथं पोराटोरांना ठाऊक आहे. आणि आजवर कुणी पांढऱ्या रश्श्याला इम्युनिटी बूस्टर म्हणून विकलं नाही. अजून तरी.

माझ्या दुकानात फ्लू टाळायच्या कामाची एकच वस्तू आहे, आणि ती फळीवर नाही, फ्रिजमध्ये आहे, 2 ते 8 अंशांत. फ्लूची लस. तिच्याबद्दलही फुगवून सांगायचं नाही. विषाणूशी जुळणी चांगली झाली त्या वर्षी ती फ्लूचा धोका 40 ते 60 टक्क्यांनी कमी करते, म्हाताऱ्या माणसांत त्याहून कमी. तालमीतल्या शंभरांचाच हिशोब धरला तर दहांचे साधारण पाच होतील. विषाणू रूप बदलतो म्हणून दरवर्षी घ्यावी लागते, आणि टोचल्यावर असर यायला दोन आठवडे लागतात. म्हणजे आपल्याकडं मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या सुमारास. जुलैत घरात दोघं खोकायला लागल्यावर लोक विचारायला येतात, तोवर अर्धा मोसम गेलेला असतो. "एवढी महाग?" असंही म्हणतात. मग तेच गृहस्थ पावसाळाभर पुरतील एवढ्या रसाच्या बाटल्या घेऊन जातात. मी बिल करतो.

त्या वर्षी मी आईला लस दिली नव्हती. विसरलो होतो. घरात रोज काढा होतोय, तर काहीतरी चाललंय, असं कुठंतरी डोक्यात असणार. या वर्षी मेच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांकडं नेऊन टोचून आणली. दंड दोन दिवस दुखला, ते तिनं शेजारच्या काकूंना आठ दिवस सांगितलं.

काढा ती सोडणार नव्हती, हे मला माहीत होतं. पावसाच्या संध्याकाळी पातेल्यात काहीतरी उकळत नसेल तर तिला घर ओकंबोकं वाटतं. म्हणून आम्ही तहात बसलो. आलं, चार तुळशीची पानं, दोन मिरी, चिमूटभर दालचिनी, आणि साखर नको म्हणून गूळ. कपभर, तेही घसा धरला तरच. ज्येष्ठमध आणि गुळवेल बंद. डॉक्टरांच्या फाइलमध्ये गोळ्यांच्या यादीखाली मी पेनानं "काढा" असं लिहून पुढं जिन्नस लिहिले. आई म्हणाली, "हे काय औषध हाय व्हय?" तरी कागद तिनंच नीट घडी करून फाइलीत ठेवला.

जूनच्या सुरुवातीला तिच्याबरोबर लक्ष्मीपुरीत गेलो होतो, सुंठ आणायला. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "मावशी, ज्येष्ठमध देऊ की? ताजा माल आलाय." आईनं पिशवी काखेत सारली आणि शेजारी उभ्या असलेल्या दोन बायकांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "नगं. माझं पोटॅशियम खातंय ते." त्या दोघी तिच्याकडं बघायला लागल्या. त्यातल्या एकीच्या हातातल्या पुडीकडं बोट दाखवून आईनं विचारलं, "बीपीची गोळी चालू हाय काय तुला?"